बाहेरगावी गाडी ठरवताना भाडं कसं काढायचं: पुणे ते गणपतीपुळे, एका सहलीचा हिशोब

गाडीवाल्याला फोन लावला की पलीकडून एका दमात उत्तर येतं. "पंधरा रुपये किलोमीटर, मिनिमम तीनशे, भत्ता चारशे, हॉल्ट तीनशे, टोल-पार्किंग वेगळं." आपण त्यातलं फक्त "पंधरा रुपये" ऐकतो. मग नकाशात अंतर बघतो, पुणे ते गणपतीपुळे सव्वातीनशे किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन साडेसहाशे. साडेसहाशे गुणिले पंधरा, पावणेदहा हजार. घरात आकडा सांगून टाकतो आणि परतल्यावर सोळा हजारांचं बिल बघून गाडीवाल्याने फसवलं म्हणतो. बहुतेक वेळा त्याने फसवलेलं नसतं. त्याने सगळं सांगितलेलं असतं, आपण गुणाकार चुकीच्या आकड्याचा केलेला असतो.

म्हणून ते एक वाक्य तुकड्या-तुकड्याने सोडवू. उदाहरणाला एक कुटुंब घेऊ: कोथरूडची सहा माणसं, अर्टिगा गाडी, शनिवारी पहाटे निघून सोमवारी रात्री परत. खालचे दर हिशोबासाठी धरले आहेत. तुमच्या गावात आणि हंगामात ते कमी-जास्त असतील, रीत मात्र हीच राहील.

आधी दिवस मोजा, किलोमीटर नंतर

नवखा माणूस अंतरापासून सुरुवात करतो. उलट करा. बाहेरगावच्या भाड्यात सगळ्यात महाग गोष्ट म्हणजे दिवस, कारण प्रत्येक दिवसामागे तीनशे किलोमीटर आणि एक भत्ता आपोआप चिकटतो.

दिवस मोजायच्या दोन पद्धती आहेत. बहुतेक ट्रॅव्हल्सवाले तारखेप्रमाणे मोजतात, म्हणजे रात्री बाराला तारीख बदलली की नवा दिवस. काही एक-दोन गाड्यांचे मालक मात्र निघाल्यापासून चोवीस तास धरतात. आपल्या कुटुंबाला दोन्हींत फरक पडत नाही: शनिवारी पहाटे पाच ते सोमवारी रात्री नऊ, कसंही मोजा, तीनच दिवस.

आता समजा कोणीतरी सुचवलं की शुक्रवारी रात्री जेवून अकराला निघू, मुलं गाडीत झोपतील, सकाळी समुद्रावर. ऐकायला छान. पण तारखेप्रमाणे मोजणाऱ्याकडे शुक्रवारचा तो एक तास अख्खा दिवस होतो. शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार, असे चार दिवस. चोवीस तासांवाल्याकडे हीच सहल सत्तर तासांची, म्हणजे तीन दिवसांत बसते. त्या एका तासाची किंमत किती ते पुढे आकड्यात दाखवतो.

परतीलाही तीच गोष्ट. आम्ही एकदा रविवारी कोकणातून येताना खंबाटकी घाटाच्या अलीकडे असे अडकलो की दारात पोचेपर्यंत बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. बिलात एक दिवस जास्त. भांडलो, पण नियम आधीच सांगितलेला होता आणि गाडीला अजून गॅरेजपर्यंत जायचं होतंच. तेव्हापासून मी परतीची वेळ रात्री नऊची धरूनच कोकणातून निघतो. जोडून सुट्टी असेल तर सातची. सातारा रस्त्यावरचा रविवार संध्याकाळचा ट्रॅफिक पुण्याच्या माणसाला नव्याने सांगायला नको.

मिनिमम तीनशे म्हणजे नेमकं काय

गाडी तुमच्याकडे एक दिवस असली तर ती तीनशे किलोमीटर धावली असं धरूनच पैसे लागतील, मग ती दिवसभर हॉटेलच्या आवारात उभी असो. तीनशेपेक्षा जास्त धावली तर जितकी धावली तितके. म्हणजे दोन आकडे काढायचे, एक प्रत्यक्ष रनिंग आणि एक दिवस गुणिले तीनशे. त्यातला मोठा आकडा तो बिलाचा.

आपल्या सहलीचं रनिंग असं होतं. मालकाचं गॅरेज कोथरूडपासून बारा किलोमीटरवर आहे. मीटर गॅरेजमधून निघताना सुरू होतं आणि गॅरेजमध्ये परत गेल्यावर थांबतं, म्हणून ते बारा-बारा धरायचेच. पहिल्या दिवशी गॅरेज ते घर, मग सातारा-कऱ्हाड-मलकापूर-आंबा घाटाने गणपतीपुळे, संध्याकाळी मालगुंडला एक चक्कर: साधारण ३४० किलोमीटर. दुसऱ्या दिवशी आरे-वारेच्या किनाऱ्याने रत्नागिरी, तिथून पावस आणि परत: ९५. तिसऱ्या दिवशी आल्या वाटेने पुणे आणि गाडी गॅरेजला: ३३५. एकूण ७७० किलोमीटर.

तीन दिवस गुणिले तीनशे म्हणजे ९००. मोठा आकडा ९००. तेव्हा न धावलेल्या १३० किलोमीटरचेही पैसे द्यायचे.

इथे एक प्रश्न विचारायचा राहतो, आणि तोच बहुतेकजण विसरतात: हे तीनशे सगळ्या दिवसांच्या सरासरीने की रोजच्या रोज? वर जो हिशोब केला तो सरासरीचा. एखादा मालक मात्र दिवसागणिक मोजतो. पहिल्या दिवशी ३४० धावली, ३४० लावा. दुसऱ्या दिवशी ९५, पण मिनिमम म्हणून ३०० लावा. तिसऱ्या दिवशी ३३५. बेरीज ९७५. गाडी तीच, रस्ता तोच, आणि ७५ किलोमीटर वाढले, म्हणजे पंधराच्या दराने ११२५ रुपये. कोकणातल्या सहलीत मधला दिवस नेहमी छोटा असतो, म्हणून हा फरक तिथे हमखास पडतो. सरासरीची पद्धत जास्त चालते, पण गृहीत धरू नका. फोनवर स्पष्ट विचारा, "दादा, तीनशे सरासरीने ना?"

मालक हे मिनिमम का लावतो तेही समजून घेतलं तर घासाघीस नीट करता येते. गाडीचा हप्ता, विमा, परमिट, ड्रायव्हरचा पगार हे सगळं तारखेवर चालतं, चाकावर नाही. गाडी गणपतीपुळ्यात उभी असताना ती दुसऱ्या गिऱ्हाइकाला देता येत नाही. पण एक गोष्ट वाचते, ती म्हणजे इंधन. पंधरा रुपयांतला बराच वाटा इंधनाचा असतो आणि न धावलेल्या किलोमीटरवर तो खर्च झालेलाच नसतो. म्हणून दर कमी करा म्हणण्यापेक्षा "मधल्या दिवशी गाडी जेमतेम शंभर चालेल, मिनिमम अडीचशे धरा" असं म्हटलं तर मालक जास्त लवकर ऐकतो. पावसाळ्यात, आडवारी, हे जमतं. दिवाळीत किंवा मे महिन्यात प्रयत्नही करू नका.

भत्ता आणि हॉल्ट: हे दोन वेगळे आहेत का?

या दोन शब्दांवरून होणारे वाद मी सगळ्यात जास्त ऐकले आहेत, कारण प्रत्येक गाडीवाल्याचा अर्थ वेगळा.

ड्रायव्हर भत्ता हा दिवसाचा असतो, त्याच्या जेवणखाणाचा. तीन दिवस, तीन भत्ते. ४०० च्या दराने १२००. नाईट हॉल्ट हा रात्रीचा असतो, ड्रायव्हर घराबाहेर मुक्काम करतो त्याचा. तीन दिवसांत रात्री दोनच, म्हणून ३०० गुणिले दोन, ६००. काहीजण हॉल्ट भत्त्यातच धरतात आणि वेगळा लावत नाहीत. काहीजण भत्ता कमी सांगतात आणि हॉल्ट दणदणीत लावतात.

तिसरी एक गोष्ट याच नावाने आत शिरते. रात्री दहा ते पहाटे सहा, किंवा अकरा ते पाच, या वेळात गाडी चालवली तर वेगळे पैसे. याला कोणी नाईट चार्ज म्हणतं, कोणी नाईट ड्रायव्हिंग, आणि घोळ म्हणजे कोणी यालाच हॉल्ट म्हणतं. तुमची गाडी पहाटे पाचला दारात हवी असेल तर ड्रायव्हर घरून साडेतीनला उठून निघतो, त्यामुळे काहीजण त्याचेही पैसे धरतात. तेव्हा शब्दावर जाऊ नका. तीन साधे प्रश्न विचारा: भत्ता दिवसाला किती, मुक्कामाचे वेगळे किती, आणि रात्री किती वाजल्यानंतर चालवलं तर जास्त लागतात.

आणि हॉल्टचे पैसे दिले म्हणजे ड्रायव्हरची झोपायची सोय झाली असं समजू नका. ती सोय त्याने त्या पैशांत करायची असते, आणि गर्दीच्या दिवसांत गणपतीपुळ्यात तीनशे रुपयांत खोली मिळत नाही. मग तो गाडीतच सीट पाडून झोपतो, दमट हवेत, डास मारत. दुसऱ्या दिवशी आंबा घाट तोच उतरवणार किंवा चढवणार असतो. खोली बुक करतानाच विचारून घ्या की ड्रायव्हरसाठी कॉट मिळेल का. घरगुती निवासवाले पुष्कळदा ओसरीवर किंवा वेगळ्या खोलीत सोय करतात, जेवणही देतात.

आता बिल मांडू

- किलोमीटर: ९०० × १५ = १३,५००
- भत्ता: ४०० × ३ = १,२००
- हॉल्ट: ३०० × २ = ६००
- टोल, जाऊन-येऊन: साधारण ६००
- पार्किंग: १००
- एकूण: १६,०००

जीएसटीचं बिल घेतलं तर भाडं, भत्ता आणि हॉल्ट मिळून १५,३०० वर पाच टक्के, म्हणजे आणखी ७६५. दर सांगताना "जीएसटी धरून की वगळून" हे विचारायचं ते यासाठी.

हे १६,००० प्रत्यक्ष धावलेल्या ७७० किलोमीटरवर वाटले तर किलोमीटरला जवळपास २१ रुपये पडतात. फोनवरचा पंधराचा दर आणि खिशातून गेलेला एकवीसचा दर, दोन्ही खरे आहेत. सहल ठरवताना उपयोगाचा दुसरा.

टोलबद्दल थोडं. या वाटेवर खेड शिवापूर, आनेवाडी आणि तासवडे असे तीन नाके लागतात. पैसे गाडीच्या फास्टॅगमधून जातात आणि मेसेज मालकाच्या मोबाइलवर येतात, तुमच्या नाही. हिशोबाच्या वेळी ते मेसेज दाखवायला सांगितलं तर कोणी रागावत नाही. चोवीस तासांच्या आत परत आलं तर परतीच्या टोलला सवलत असते, पण तीन दिवसांच्या सहलीला ती मिळत नाही, तेव्हा दोन्ही बाजूंचा पूर्ण टोल धरा. २०२५ साली तीन हजारांना निघालेला वार्षिक फास्टॅग पास फक्त खासगी गाड्यांना आहे, त्यामुळे तुमच्या स्वतःच्या गाडीला टोल लागला नाही म्हणून टॅक्सीवाल्याशी वाद घालू नका. याउलट पांढऱ्या पाटीची गाडी कोणी "भाड्याने" पाठवली तर ती परत पाठवा. पिवळी पाटी नसलेली गाडी भाड्याने धावताना अपघात झाला तर विम्याचं लचांड तुमच्याही गळ्यात येतं.

आता शुक्रवारी रात्री अकराच्या बेताची किंमत. चार दिवस, मिनिमम १२०० किलोमीटर, म्हणजे १८,०००. चार भत्ते १,६००. मुक्काम दोनच, ६००. रात्री गाडी चालवल्याचे समजा ३००. टोल-पार्किंग ७००. बेरीज २१,२००. एक किलोमीटरही जास्त न फिरता ५,२०० रुपये वाढले. पहाटे पाचला निघालं तरी दुपारच्या जेवणाला गणपतीपुळ्यात पोचता येतं.

जे १३० किलोमीटर फुकट जात होते

पैसे भरलेलेच आहेत, तर ते वापरा. सोमवारी आल्या वाटेने न येता कोल्हापूरवरून या. गणपतीपुळे ते कोल्हापूर साधारण १४५, तिथून पुणे २३५, गॅरेजचे १२, असे ३९२ किलोमीटर. तीन दिवसांची बेरीज ८२७ होते, अजूनही ९०० च्या आत. अंबाबाईचं दर्शन झालं, तांबडा-पांढरा झाला, आणि भाडं एक रुपयाने वाढलं नाही. वाढला फक्त किणी नाक्याचा टोल. मात्र सकाळी सातला निघायला हवं, नाहीतर परत तो रात्री बाराचा काटा.

उलट बाजूही बघा. कोकणात पाच दिवस एकाच ठिकाणी राहणार असाल तर गाडी थांबवून ठेवणं परवडत नाही. पाच दिवसांचे १५०० किलोमीटर, २२,५००. त्यावर २,००० भत्ता आणि चार रात्रींचे १,२००. जवळपास पंचवीस हजार सातशे, टोल सोडून. त्यापेक्षा जाताना सोडायला एक गाडी आणि आणायला एक. ड्रॉपला रिकाम्या परतीचे पैसे लावतातच, म्हणजे एका वेळचे ६५० किलोमीटर, ९,७५० आणि एक भत्ता. दोन वेळचे मिळून वीस हजार तीनशे. टोल दुप्पट पडेल, मधल्या दिवसांत रिक्षा करावी लागेल, तरी हातात काही हजार राहतात. तीन दिवसांना हे गणित बसत नाही, पाचाला बसतं, चाराला मांडून बघावं लागतं.

दोन दर आले तर

आपल्याच सहलीला दोघांनी दर दिले असं समजा. पहिला म्हणतो तेरा रुपये, मिनिमम तीनशे, भत्ता पाचशे, हॉल्ट चारशे. दुसरा म्हणतो पंधरा रुपये, मिनिमम अडीचशे, भत्ता चारशे, हॉल्ट त्यातच. तेरावाला स्वस्त वाटतो. मांडून बघा.

पहिला: ९०० × १३ म्हणजे ११,७००, अधिक १,५००, अधिक ८००. एकूण १४,०००.

दुसरा: तीन दिवसांचं मिनिमम ७५०, आपलं रनिंग ७७०, म्हणून ७७० × १५ म्हणजे ११,५५०, अधिक १,२००. एकूण १२,७५०.

दोन रुपये महाग असलेला साडेबाराशेने स्वस्त निघाला. पण हेच अष्टविनायक किंवा पंढरपूर-तुळजापूर-अक्कलकोट असतं, रोज तीनशेच्या वर पळणारं, तर तेरावाला जिंकला असता. म्हणून आधी आपलं रनिंग दिवसावार कागदावर काढायचं आणि मगच फोन करायचे. गॅरेज कुठे आहे तेही विचारा. कोथरूडच्या माणसाने हडपसरच्या पलीकडची गाडी घेतली तर सहल सुरू होण्याआधीच किलोमीटर चढलेले असतात.

ठरलं की सगळं एका मेसेजमध्ये लिहून पाठवा आणि "ओके" मागून घ्या. मी साधारण असं लिहितो:

"अर्टिगा, एसी. शनिवार पहाटे ५ ते सोमवार रात्री, ३ दिवस तारखेप्रमाणे. १५ रु. किमी, मिनिमम ३०० सरासरीने, गॅरेज टू गॅरेज (१२ किमी). भत्ता ४०० रोज, हॉल्ट ३०० × २, पहाटे ५ चे वेगळे नाहीत. टोल-पार्किंग प्रत्यक्ष. अॅडव्हान्स ३००० दिले."

"एसी" मुद्दाम लिहितो, कारण घाटात एसी बंद करणारे असतात. अर्टिगा सीएनजीची असेल तर सिलिंडर डिकीतली जागा खातो, सहा जणांच्या बॅगा मग टपावर, तेही आधी विचारलेलं बरं.

प्रवासात आणि हिशोबाला

गाडी दारात आली की मीटरच्या आकड्याचा फोटो काढा आणि गॅरेजचे ठरलेले बारा त्याच्यातून वजा करून सुरुवातीचा आकडा लिहा. रोज रात्री गाडी लावतानाही एक फोटो काढा. हा फोटो खरं तर ड्रायव्हरच्याही सोयीचा असतो. आमच्याकडे एकदा मुक्कामी गाडी रात्रीत अडतीस किलोमीटर धावलेली निघाली. ड्रायव्हर सीएनजी भरायला गेला होता, खरोखरच. पण फोटो नसता तर ते आमच्या रनिंगमध्ये गेले असते. फोटो होता, त्याने स्वतःच सोडून दिले. सरासरीने आधीच मिनिममच्या आत असाल तर असल्या अडतीस किलोमीटरने काही बिघडत नाही, तेव्हा उगाच वाद घालू नका. मिनिममच्या वर गेला असाल तर प्रत्येकाचे पंधरा रुपये.

वाटेत ड्रायव्हर इंधनाला पैसे मागतो, "साहेब, दोन हजार द्या, मालक हिशोबात धरतील." यात काही वावगं नाही, मात्र दिल्या दिल्या मालकाला मेसेज करा. रोख दिलेले दोन हजार शेवटच्या बिलात सापडत नाहीत असा अनुभव बऱ्याच जणांना आहे.

शेवटी दारात उतरताना मीटरचा आकडा ड्रायव्हरसमोर वाचा, त्यात परतीचे बारा मिळवा, ड्युटी स्लिपवर तोच आकडा आणि वेळ लिहिलेली आहे ना ते बघून सही करा. कोऱ्या स्लिपवर सही करू नका, "नंतर भरतो" म्हणाला तरी. भत्ता बिलातून जाणार की ड्रायव्हरच्या हातात द्यायचा ते मालकाला विचारलेलं असलं पाहिजे, नाहीतर तो दोनदा जातो. आणि घाट नीट चालवला म्हणून ड्रायव्हरला वर जे द्याल ते बिलाच्या बाहेर, त्याच्या हातात द्या.